चप्पल लाईनमधल्या एका दुकानातील संथ नेट: कमी रेंज, बदलते नेटवर्क आणि भरलेला सेल

कोल्हापुरात शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनमध्ये एका जुन्या दगडी इमारतीच्या तळमजल्यावर हे दुकान आहे. पुढचा भाग रस्त्याकडे पूर्ण उघडा आहे, मधे गल्ला आहे, आणि त्यामागे जवळपास दोन फूट जाडीच्या दगडी भिंतीपलीकडे मालाची खोली आहे. दुकानदारांना घरात व बाजारात सगळे आप्पा म्हणतात. पुण्या-मुंबईच्या आणि परराज्यांतल्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डर त्यांची मुलगी मागच्या खोलीत बसून पाहते. कातडे, शिलाई आणि रंग नीट दिसावा म्हणून ती फोटो मूळ आकारात, म्हणजे व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवते. एक फोटो साधारण ४ एमबीचा आणि एका ऑर्डरला पाच फोटो, असा तिचा रोजचा हिशेब आहे.

तक्रार अशी होती की मागच्या खोलीत नेट दिवसभर रडतखडत चालते आणि संध्याकाळी सहानंतर तर गल्ल्यावरही गोल फिरत राहते. "काड्या चार दिसतात, वर ५जी लिहून येतं, आणि यूपीआयचं पान उघडत नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतं," असे आप्पांचे म्हणणे होते. त्यांनी आधी फोन बदलला होता, नंतर सिम बदलून घेतले होते, आणि दोन्ही वेळा काहीच फरक पडला नव्हता. माझ्या मते हे प्रकरण नीट लिहून ठेवण्यासारखे आहे, कारण येथे तीन वेगवेगळी कारणे एकाच तक्रारीच्या आड दडलेली होती आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणासाठी अपायकारक ठरत होता.

पहिल्यांदा साध्या शक्यता बाजूला काढल्या. बहुतेक प्रीपेड प्लॅनमध्ये रोजचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसपर्यंत खाली येतो आणि तेव्हा फोनमध्ये सगळे ठीक दिसूनही पान उघडत नाही. येथे रोजच्या २ जीबीपैकी निम्माही डेटा वापरला जात नव्हता. फोनमध्ये व्हीपीएन नव्हते आणि डेटा सेव्हर बंद होता. त्याच कंपनीचे सिम असलेला शेजारच्या दुकानदाराचा फोन त्याच जागी ठेवून पाहिला, तर तोही तितकाच संथ चालला. यावरून दोष फोनचा किंवा सिमचा नाही, जागेचा व नेटवर्कचा आहे, हे ठरले.

यानंतर मोजणीकडे वळलो. रेंजच्या काड्यांवर विसंबून चालत नाही, कारण किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधील फोनच्या माहितीत सिम स्टेटस या ठिकाणी सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये पुढील कोड डायल केला की चाचणीचे पान उघडते, मात्र काही कंपन्यांनी ते बंद ठेवलेले असते.

```
*#*#4636#*#*
```

आम्ही त्याच्या जोडीला NetMonster हे ॲप वापरले, कारण त्यात फोन कोणत्या बँडवर, म्हणजे कोणत्या वारंवारितेच्या पट्ट्यावर, आणि कोणत्या सेलवर, म्हणजे टॉवरच्या सेवेच्या कोणत्या विभागावर, आहे हे एकत्र दिसते. यातले दोन आकडे आमच्या कामाचे होते. `RSRP` म्हणजे टॉवर सतत पाठवत असलेल्या संदर्भ-सिग्नलची आपल्या फोनपर्यंत पोहोचलेली ताकद. ४जीमध्ये ती उणे ८५ डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०० ला बेताची, आणि उणे ११० च्या खाली गेली की दुबळी समजावी. `RSRQ` म्हणजे त्या वाहिनीवर फोनला मिळणाऱ्या एकूण शक्तीच्या तुलनेत या संदर्भ-सिग्नलचा वाटा. तो उणे ९ किंवा १० च्या आसपास असला की वाहिनी मोकळी असते, आणि उणे १५ किंवा त्याहून खाली गेला की आपला किंवा शेजारचा टॉवर वापराने भरलेला आहे, असा संशय घ्यावा.

या दोन आकड्यांतला फरक समजला की आप्पांच्या 'चार काड्या आणि नेट बंद' या कोड्याचा निम्मा उलगडा होतो. संदर्भ-सिग्नल टॉवर ठरलेल्या ताकदीनेच पाठवतो, मग त्याच्यावर दहा फोन असोत की हजार. काड्या प्रामुख्याने याच ताकदीवरून काढल्या जातात. त्यामुळे गर्दी कितीही वाढली तरी काड्या जिथल्या तिथे राहतात. वाढतो तो बाकीच्या फोनसाठी चाललेला डेटा, आणि तो एकूण शक्तीत भर घालतो म्हणून `RSRQ` घसरतो.

मोजणी तीन जागी केली: रस्त्याकडची पायरी, गल्ला आणि मागची खोली. फोन आधी फक्त ४जीवर ठेवला, म्हणजे ५जीची सरमिसळ होणार नाही. सकाळी दहाच्या सुमारास पायरीवर `RSRP` उणे ८४, `RSRQ` उणे ९ आणि डाउनलोडचा वेग ३८ एमबीपीएस मिळाला. फोन २३०० मेगाहर्ट्झच्या बँडवर, म्हणजे बँड ४० वर होता. गल्ल्यावर `RSRP` उणे ९८ झाला, तरी वेग २० च्या वर राहिला. मागच्या खोलीत त्याच बँडचा आकडा उणे ११४ पर्यंत कोसळला, आणि काही क्षणांत फोनने स्वतःहून तो बँड सोडून ८५० मेगाहर्ट्झचा बँड ५ पकडला. तेथे `RSRP` उणे १०३ दिसत होता आणि वेग ६ एमबीपीएस होता.

पायरी आणि खोली यांच्यात जेमतेम काही पावलांचे अंतर आहे, पण आकड्यांतला फरक ३० डेसिबलचा आहे. डेसिबलच्या मोजपट्टीवर दर १० ला शक्ती दहापट घटते, म्हणून ३० चा अर्थ हजारपट घट. जाड दगड, त्यामागे भिंतभर लोखंडी रॅक आणि खिडकी नाही, एवढे त्याला पुरेसे आहे. उंच वारंवारितेच्या लहरी अशा भिंतीत जास्त अडतात आणि ८५० मेगाहर्ट्झच्या लहरी त्या मानाने बऱ्या शिरतात, म्हणून फोनने तिकडे उडी घेतली. हे फोनने योग्यच केले, परंतु त्याची किंमत मोठी होती आणि ती संध्याकाळी कळली.

संध्याकाळी साडेसातला तीच फेरी पुन्हा केली. दिवस शुक्रवारचा होता, अंबाबाईच्या दर्शनाला आलेली गर्दी महाद्वार रोडपासून चौकापर्यंत पसरलेली होती आणि जवळपास प्रत्येक हातात फोन होता. पायरीवर `RSRP` उणे ८५, म्हणजे सकाळसारखाच. `RSRQ` मात्र उणे १५ वर आला होता आणि वेग ३८ वरून २.६ एमबीपीएसपर्यंत उतरला होता. मागच्या खोलीत डाउनलोड ०.४ आणि अपलोड अवघा ०.३ एमबीपीएस होता. पाच फोटोंचे २० एमबी म्हणजे १६० मेगाबिट, आणि ०.३ च्या वेगाने ते जायला जवळजवळ नऊ मिनिटे लागतात. "फोटो अर्ध्यात अडकतात" या मुलीच्या तक्रारीचा अर्थ हाच होता. रात्री साडेदहाला दुकाने बंद झाल्यावर पायरीवर पुन्हा मोजले, तेव्हा वेग ३० च्या पुढे गेला आणि `RSRQ` उणे १० वर आला. जागा तीच, फोन तोच, सिग्नलची ताकद तीच, आणि बदलली फक्त वेळ. सेल गर्दीने भरतो आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा ग्राहकाच्या हाती येणे कठीण आहे. खातरजमेसाठी त्याच संध्याकाळी दुसऱ्या कंपनीचे सिम घालून पायरीवर पाहिले, तर १४ एमबीपीएस मिळाले. गर्दी ही त्या त्या कंपनीच्या त्या त्या सेलची असते, सबंध हवेची नसते.

आता कमी रेंज आणि गर्दी ही दोन कारणे एकमेकांना कशी पोसतात, हे पाहणे आवश्यक आहे, कारण माझ्या समजुतीप्रमाणे या प्रकरणाचा गाभा तोच आहे. ४जीचा टॉवर आपली वाहिनी छोट्या तुकड्यांत विभागतो आणि दर मिलिसेकंदाला ते तुकडे फोनांमध्ये वाटतो. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीत असे १०० तुकडे असतात, तर ५ मेगाहर्ट्झच्या वाहिनीत फक्त २५. येथे बँड ४० ची वाहिनी २० मेगाहर्ट्झची होती आणि बँड ५ ची ५ मेगाहर्ट्झची. एवढ्या अरुंद वाहिनीची साऱ्या सेलला मिळून क्षमता नेहमीच्या मांडणीत सुमारे ३५ एमबीपीएस, आणि तीही प्रत्येकाला सिग्नल उत्तम असेल तर. प्रत्यक्षात या बँडवर येणारे फोन कोणते असतात? जाड भिंतींच्या आत, तळघरात किंवा टॉवरपासून लांब असलेले, म्हणजे ज्यांना सिग्नल दुबळा आहे तेच. दुबळ्या सिग्नलवर टॉवरला प्रत्येक तुकड्यात कमी माहिती भरावी लागते, नाहीतर ती फोनपर्यंत पोहोचताना बिघडते. त्यामुळे तोच फोटो पायरीवरून पाठवताना जितके तुकडे खर्च होतात, त्याच्या कितीतरी पट तुकडे मागच्या खोलीतून खर्च होतात. जुन्या पेठांतल्या दगडी घरांत आणि दुकानांत बसलेले सगळे लोक असे एकाच अरुंद वाहिनीवर ढकलले जातात आणि प्रत्येक जण वाजवीपेक्षा जास्त जागा अडवतो. गावाबाहेर कमी रेंज असूनही नेट बरे चालते आणि बाजारपेठेत तेवढ्याच रेंजला ते बंद पडल्यासारखे होते, याचे कारण यात आहे.

अपलोडची अवस्था आणखी वाईट का होते, तेही यातच दडलेले आहे. टॉवर अनेक वॅटच्या शक्तीने बोलतो, तर फोनची कमाल शक्ती साधारण ०.२ वॅट असते. भिंतीपलीकडून टॉवरचा आवाज फोनला कसाबसा ऐकू येतो, पण फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोहोचताना पुन्हा पुन्हा तुटतो. त्यातून फोन पूर्ण शक्तीने पाठवत राहतो, गरम होतो आणि बॅटरी खातो. मुलीचा फोन दुपारी दोनलाच चार्जिंगला लागत असे.

तिसरे कारण नेटवर्कच्या अदलाबदलीचे होते आणि ते दोन रूपांत सापडले. पहिले रूप ५जीचे. या कंपनीची येथील ५जी सेवा ४जीच्या आधारावर चालते, म्हणजे फोनचा मुख्य दुवा ४जीशी असतो आणि परिस्थिती अनुकूल असली की त्याला ५जीची दुसरी वाहिनी जोडली जाते. अशा मांडणीत वरच्या पट्टीत ५जी लिहिलेले असले म्हणजे त्या क्षणी डेटा ५जीवरूनच येतो आहे, असे होत नाही. काही फोन, हा टॉवर ५जी देऊ शकतो, एवढ्यावरच ते चिन्ह दाखवतात. गल्ल्यावर ५जीचा, म्हणजे ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या बँडचा `RSRP` उणे १०८ ते उणे ११५ च्या दरम्यान झुलत होता. समोरून माणूस गेला, फोन हातातून खाली ठेवला, एवढ्यानेही तो कंपनीने ठरवलेल्या पातळीच्या वरखाली होत असे, आणि दर वेळी ५जीची वाहिनी जोडली जाई किंवा तोडली जाई. ॲपमध्ये सतत नजर ठेवली तर हे सरळ दिसते: वेग एकदम वर चढतो, काही सेकंद शून्यावर बसतो, पुन्हा चढतो. गर्दीचा वेग असा नसतो. तो खालीच पण बऱ्यापैकी सारखा वाहतो. कमी रेंजचा वेग जागेबरोबर बदलतो. या तीन चाली ओळखता आल्या की निदान बरेच सोपे होते.

दुसरे रूप आप्पांच्या स्वतःच्या फोनमध्ये निघाले. फोन संपला की पुढचे काही क्षण नेट मेलेले असते, असे ते सांगत होते. त्यांच्या फोनमधले व्हीओएलटीई बंद होते. ते बंद असले की ४जीवर आवाजाचा कॉल होत नाही, म्हणून प्रत्येक कॉलला फोन २जीवर उतरतो, वर `E` चिन्ह दिसते, डेटा थांबतो, आणि कॉल संपल्यावर ४जीवर परतायला वेळ लागतो. मागच्या खोलीत तर तो पुष्कळ वेळ `E` वरच राहत असे. सिमच्या सेटिंगमध्ये व्हीओएलटीई सुरू केल्यावर हा दोष त्याच दिवशी संपला. संपूर्ण तपासात इतक्या थोडक्यात सुटलेली बाब एवढीच.

यानंतर उपायांचा प्रश्न आला आणि येथेच घाईने केलेली निवड अंगाशी आली असती. ५जीच्या अदलाबदलीने नेट अडखळते म्हणून `Preferred network type` मध्ये ५जी काढून ४जी ठेवावे, हा सल्ला सर्रास दिला जातो. गल्ल्यावर आम्ही तो करून पाहिला. दुपारी अडखळणे थांबले, यूपीआयचे पान पहिल्या झटक्यात उघडू लागले. मात्र संध्याकाळी तोच फोन भरलेल्या ४जी सेलवर अडकला आणि पुन्हा रखडला. उलट पायरीवर फोन ५जीवर ठेवला, तर तेथे ५जीचा `RSRP` उणे ९० च्या आसपास स्थिर होता आणि ऐन गर्दीत ६० एमबीपीएसच्या वर वेग मिळाला, कारण ३५०० मेगाहर्ट्झमधली वाहिनी ४जीपेक्षा कितीतरी रुंद असते आणि गर्दीतल्या अनेकांचे फोन अजून ५जीचे नसतात. म्हणजे एकाच दुकानात भिंतीआड ५जी त्रासदायक होते आणि पायरीवर तेच संध्याकाळी तारक होते. चाचणीच्या पानावरून `LTE only` निवडण्याची सूचनाही कुणीतरी आप्पांना दिली होती. ती आम्ही टाळली, कारण त्यात व्हीओएलटीई नीट चालले नाही तर कॉल येणेजाणेच बंद होते, आणि दुकानाच्या फोनवर ते परवडणारे नाही.

म्हणून सेटिंगऐवजी जागा बदलली. मुलीचा जुना ५जी फोन पुढच्या बाजूला, रस्त्याकडे उघड्या असलेल्या वरच्या फळीवर, लोखंडी शटरच्या डब्यापासून हातभर दूर ठेवला आणि चार्जरला जोडला. त्यावर हॉटस्पॉट सुरू करून तो २.४ गिगाहर्ट्झवर ठेवला. मागच्या खोलीतला फोन आणि गल्ल्यावरचा फोन दोन्ही त्या वाय-फायवर जोडले. येथे शंका येणे साहजिक आहे की टॉवरचा २३०० मेगाहर्ट्झचा सिग्नल ज्या भिंतीत अडतो, तीतून २४०० मेगाहर्ट्झचे वाय-फाय कसे जाईल. उत्तर अंतरात आहे. टॉवरचा सिग्नल दुकानापर्यंत येता येताच अगदी क्षीण झालेला असतो आणि भिंतीत त्याच्याजवळ घालवायला काही उरलेले नसते. फळीवरचा फोन मात्र काही मीटरवर आहे, त्याचा सिग्नल भिंतीपर्यंत भरपूर ताकदीने येतो, आणि मधले दार उघडे असल्यामुळे काही भाग भिंतीला वळसा घालूनही पोहोचतो. मागच्या खोलीत वाय-फायची ताकद उणे ६८ डीबीएम मिळाली, जी वाय-फायसाठी पुरेशी असते.

त्यानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी मागच्या खोलीतून अपलोड ८ एमबीपीएस मिळाला. पाच फोटो वीस सेकंदांच्या आसपास गेले. मुलीच्या फोनची बॅटरी रात्रीपर्यंत टिकली, कारण तो आता दूरच्या टॉवरशी झगडत नव्हता. तिने वाय-फाय कॉलिंगही सुरू केले, त्यामुळे आतल्या खोलीतले तुटक कॉल सुधारले.

या उपायाला मर्यादा आहेत. सतत चार्जिंगवर असलेला हॉटस्पॉटचा फोन तापतो, म्हणून त्याचे कव्हर काढून तो हवेशीर ठेवावा लागतो आणि उन्हाळ्यात दुपारी दोन-तीन तास बंद ठेवलेला बरा. रोजच्या डेटाची मर्यादा तीन फोनांत वाटली जाते, त्यामुळे फोनमधल्या आपोआप होणाऱ्या अपडेट आणि फोटो बॅकअप बंद केले. शारदीय नवरात्रात ५जीचा सेलही भरेल, ही शक्यता मी आप्पांना आधीच सांगितली. अशा वेळी पायरीवरचे आकडे घसरतील आणि ग्राहकाच्या बाजूने त्यावर काही करता येणार नाही. विमान मोड चालू-बंद केल्याने कधीकधी फोन वेगळ्या बँडवर जाऊन बसतो आणि क्षणभर बरे वाटते, पण सेलच भरलेला असेल तर थोड्याच वेळात पुन्हा तीच गत होते. म्हणून दुकानाला फायबरची जोडणी घेण्याचे ठरले आहे. ती आली की फळीवरचा फोन फक्त लाईट किंवा फायबर गेल्यावर वापरायचा.

बाजारात मिळणारा सिग्नल बूस्टर बसवू नका, असे मात्र मी आग्रहाने सांगितले. कंपनीच्या परवानगीशिवाय असा बूस्टर विकणे, घेणे आणि वापरणे आपल्याकडे बेकायदेशीर आहे. तो गोंगाटही वाढवून टॉवरकडे पाठवतो, त्यामुळे ज्या सेलवर आधीच गर्दी आहे तेथे आजूबाजूच्या सगळ्यांचे अपलोड आणि कॉल बिघडतात. चप्पल लाईनमधल्या दुकानांच्या भिंती एकमेकींना लागून आहेत. तेथे एकाच्या बूस्टरचा त्रास साऱ्या ओळीला होईल.

कंपनीकडे तक्रारही केली, कारण सेलमध्ये नवी वाहिनी घालणे, वापर बँडांमध्ये पुन्हा वाटणे किंवा बाजारपेठेसाठी छोटा टॉवर बसवणे हे फक्त तीच करू शकते. १९८ वर फोन करून तक्रार क्रमांक घेतला. "नेट स्लो आहे" एवढेच सांगितले की समोरून फोन बंद करून चालू करण्याचा सल्ला मिळतो, असा आप्पांचा पूर्वीचा अनुभव होता. म्हणून या वेळी लेखी तक्रारीत दुकानाचा पत्ता, सेलचा क्रमांक, बँड, सकाळ-संध्याकाळ-रात्रीचे `RSRP`, `RSRQ` आणि वेग एकाखाली एक लिहिले, आणि `RSRP` तिन्ही वेळा जवळपास सारखा असूनही वेग फक्त संध्याकाळी पडतो, हे पहिल्याच ओळीत मांडले. पहिले उत्तर आपल्या भागात व्याप्ती समाधानकारक आहे, असे आले. ते `RSRP` पुरते खरेही होते. त्यावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे तेच आकडे जोडून अपील केले आणि तक्रार व्याप्तीची नसून संध्याकाळच्या क्षमतेची आहे, असे स्पष्ट लिहिले. त्यानंतर अभियंत्याचा फोन आला, त्याने सेल क्रमांक आणि वेळा पुन्हा विचारून घेतल्या, आणि त्या सेलवर संध्याकाळी वापर क्षमतेच्या जवळ जातो हे मान्य केले. नवी वाहिनी कधी सुरू होईल, याची तारीख त्याने दिलेली नाही. आप्पांनी तक्रार क्रमांक आणि आकड्यांचा कागद गल्ल्यात ठेवला आहे, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी मुलगी पायरीवर उभी राहून त्यात नवी ओळ लिहिते.